अर्धवेळ नोकरी आणि दोनदा लागलेली कात्री

ऑक्टोबर 2023 च्या पगाराची स्लिप मी आईच्या खाटेशेजारी बसून उघडली. पगार किती येणार याचा हिशोब मी आदल्या रात्रीच वहीत करून ठेवला होता. एकूण पगार 36,871 रुपये यायला हवा होता. स्लिपवर 32,347 होते. 4,524 रुपये कमी. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: बिनपगारी दिवस 5.5.

मी त्या महिन्यात एकही रजा घेतली नव्हती.

हे कसं झालं ते सांगण्याआधी थोडं मागे जाते. मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या ड्रॉइंग विभागात जून 2013 पासून कामाला होते. ऑगस्ट 2023 मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. दोन महिने रजा आणि शेजारच्या वहिनी यांवर काढले, पण दुपारी फिजिओथेरपी आणि संध्याकाळचं सगळं करायला घरात माणूस हवंच होतं. नोकरी सोडायची नव्हती. साहेबांशी बोलले, त्यांनी एचआरच्या मॅडमकडे पाठवलं आणि 16 ऑक्टोबरपासून अर्धवेळ करायचं ठरलं.

मॅडमनी दोन पर्याय दिले. आठवड्याला अडीच दिवस पूर्ण यायचं, किंवा रोज चार तास. अडीच दिवसांत जाण्यायेण्याचा त्रास निम्मा झाला असता, म्हणून माझा कल तिकडेच होता. पण आमच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झालेले एक काका आमच्याच सोसायटीत राहतात. आयुष्यभर हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं केलेला माणूस. त्यांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, रोज जा. कायदा तास मोजत नाही, दिवस मोजतो." महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षभरात 240 दिवस काम केलं तर दर 20 दिवसांना एक अशी हक्काची अर्जित रजा मिळते. आठवड्याला अडीच दिवस म्हणजे वर्षाला 130 दिवस. 240 चा प्रश्नच येत नाही. रोज चार तास गेले तरी तो पूर्ण दिवसच हजेरीत लागतो. ग्रॅच्युइटीसाठी सेवा अखंड आहे का हे पाहतानाही दिवसांचा आकडा वादात येऊ शकतो, आणि रोज हजर असलेल्या माणसाबाबत तो वाद निघतच नाही. मी रोज चार तास निवडले. सकाळी 9 ते 1.

मग प्रमाण ठरवायचं. मला वाटलं होतं, अर्धवेळ म्हणजे अर्धा पगार, त्यात ठरवायचं काय? पण मॅडमनी पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात प्रमाण 47 टक्के होतं. कारण असं की आमचा पूर्ण दिवस 9 ते 5.30, म्हणजे साडेआठ तास. चारला साडेआठने भागलं की 47. पण त्या साडेआठ तासांत अर्धा तास जेवणाची सुट्टी आहे आणि माझ्या चार तासांत ती नाही. पूर्णवेळ माणसाचं प्रत्यक्ष काम आठ तासांचं, माझं चार तासांचं. दोन्हीकडे सुट्टी धरा किंवा दोन्हीकडे वगळा, इतकंच मी लिहिलं, आणि प्रमाण 50 टक्के झालं. तीन टक्के म्हणजे महिन्याला जवळजवळ दीड हजार रुपये होते.

माझा पूर्ण पगार 49,000 होता. त्यात मूळ पगार 26,000, घरभाडे भत्ता 10,400, स्पेशल अलाउन्स 10,600 आणि प्रवास भत्ता 2,000. पहिल्या तीन आकड्यांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ते कामाच्या वेळेचे पैसे आहेत, वेळ निम्मी तर तेही निम्मे. प्रवास भत्त्याचं तसं नाही. मी महिन्याला तितक्याच वेळा गाडी बाहेर काढणार होते, पेट्रोल तितकंच लागणार होतं. अडीच दिवसांचा पर्याय घेतला असता तर भत्ता अर्धा करणं बरोबर ठरलं असतं. मी तसं लिहून दिलं आणि त्यांनी मान्य केलं. एकूण पगार 25,500 ठरला. सगळंच अर्धं केलं असतं तर 24,500 झाला असता. यात एक छोटी गाठ होती, ती नंतर लक्षात आली. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. त्यावर गेलं की महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. व्यवसाय कर प्रमाणात कापत नाहीत, रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे एवढंच. हजार रुपये भत्ता राखला म्हणून 200 रुपये कर लागला. तरी फायदाच होता, पण ज्यांचा पगार या रेषेच्या जरासाच वर येतोय त्यांनी कागदावर सही करण्याआधी हे बघून घ्यावं.

आता त्या स्लिपकडे. ऑक्टोबरचे पहिले 15 दिवस पूर्ण पगाराचे आणि पुढचे 16 दिवस अर्ध्या पगाराचे. आमच्याकडे महिन्याच्या एकूण दिवसांनी भागतात, म्हणजे 49,000 चे 31 पैकी 15 दिवस झाले 23,710 आणि 25,500 चे 31 पैकी 16 दिवस झाले 13,161. बेरीज 36,871. पगार विभागाने हा हिशोब अगदी बरोबर केला होता. चूक दुसरीकडे झाली. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी शिफ्ट 9 ते 5.30 अशीच राहिली होती. मी रोज एक वाजता पंच करून निघत होते, आणि मशीन रोज अर्धा दिवस गैरहजर लावत होतं. 16 ते 31 ऑक्टोबरमध्ये कामाचे बारा दिवस, त्यातला 24 तारखेचा दसरा सुट्टीचा. उरलेल्या अकरा दिवसांना रोज अर्धा, असे साडेपाच दिवस बिनपगारी. पगाराचा दर आधीच अर्धा झालेला, त्यातून पुन्हा दिवस कापले गेले. 25,500 भागिले 31 गुणिले 5.5, बरोबर 4,524 रुपये.

पगार विभागातले सर फोनवर म्हणाले, "ताई, सिस्टीमने काढलंय, आम्ही हाताने काही केलेलं नाही." त्यांचं खरं होतं. मी वहीतला हिशोब फोटो काढून पाठवला, आणि सोबत एवढंच विचारलं की माझा दर कापलाय की दिवस कापलेत? दोन्हीपैकी एकच कापायला हवं होतं. सरांनी शिफ्ट बदलून घेतली आणि फरक नोव्हेंबरच्या पगारात थकबाकी म्हणून आला. पुढे अशा दोन जणींच्या स्लिपा मी पाहिल्या, दोघींच्याही हेच झालेलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: अर्धवेळ झाल्यावर स्लिपवर बिनपगारी दिवस दिसले आणि तुम्ही रजा घेतलेली नसेल, तर कात्री दोनदा लागली आहे.

रजेतही तेच घडता घडता राहिलं. 15 ऑक्टोबरला माझ्या खात्यात 18 अर्जित रजा शिल्लक होत्या. त्या मी आठ-आठ तासांचे दिवस भरून कमावलेल्या. मॅडम म्हणाल्या, अठराच्या अठरा तुमच्याच आहेत, आम्ही एकही कमी करत नाही. ऐकायला बरं वाटलं. पण आता माझा एक दिवस चार तासांचा. एक रजा टाकली की चार तासांची सुटका, आणि रजा विकली तर अर्ध्या दिवसाचे पैसे. म्हणजे 18 चा आकडा न बदलता त्याची किंमत निम्मी झाली होती. मी त्यांना तासांत मांडून दाखवलं: 18 गुणिले 8 म्हणजे 144 तास, आणि 144 तास म्हणजे माझे आताचे 36 दिवस. सॉफ्टवेअरमध्ये तास भरायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी शिल्लक 36 अशी नोंदवली आणि बाजूला शेरा लिहिला.

नव्या रजेची गोष्ट उलटी. पुढच्या वर्षासाठी त्यांनी अर्जित आणि किरकोळ, दोन्ही रजा निम्म्या करून लावल्या होत्या. पण माझी रजा आता मुळातच चार तासांची आहे. दिवसांची संख्याही निम्मी केली तर चौथाई होते. किरकोळ रजा कायद्याने वर्षाला आठ आहेत, त्या आठच राहायला हव्यात, फक्त प्रत्येक चार तासांची. इथे मॅडमना पटायला वेळ लागला. त्यांच्या डोक्यात अर्धवेळ म्हणजे सगळं अर्धं एवढंच बसलं होतं. मी अडीच दिवस पूर्ण येणारी असते तर त्यांचं बरोबर ठरलं असतं, कारण तेव्हा रजा आठ तासांची राहिली असती आणि संख्या कमी झाली असती. शेवटी डिसेंबरमध्ये रजेचा तक्ता दुरुस्त झाला.

भविष्यनिर्वाह निधीबाबत मी स्वतःहून काहीच विचारलं नव्हतं. पूर्वी माझे 1,800 रुपये कापले जात आणि कंपनी तितकेच भरे, कारण कंपनी 15,000 ची मर्यादा धरून 12 टक्के भरत असे. नव्या स्लिपवर 1,560 दिसले, म्हणजे 13,000 मूळ पगारावर 12 टक्के. पगार कमी झाला तर निधीही कमी, मला ते साहजिक वाटलं. काकांनी स्लिप चष्मा लावून पाहिली आणि स्पेशल अलाउन्सवर बोट ठेवलं. "हा सगळ्यांना मिळतो ना दर महिन्याला? मग हा पीएफच्या पगारात धरायचा." सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये हेच सांगितलेलं आहे: जो भत्ता सगळ्यांना सरसकट आणि नेमाने दिला जातो, तो मूळ वेतनाचाच भाग. माझा मूळ पगार एकटाच 26,000 असताना हा प्रश्न कधी उठला नाही, कारण मर्यादा तशीही ओलांडली जात होती. मूळ पगार 15,000 च्या खाली आला तेव्हा तो उघडा पडला. 13,000 मध्ये 5,300 मिळवले की 18,300 होतात, मर्यादा पुन्हा ओलांडली जाते आणि कपात पुन्हा 1,800 वर येते.

फरक महिन्याला 240 रुपयांचा, शिवाय तितकेच कंपनीचे. पण काकांना काळजी होती ती पेन्शनची. कंपनीच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि पेन्शनचा पगार धरतात तो शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरीने. अर्धवेळाची वर्षं त्या 60 महिन्यांत आली आणि तिथे 15,000 ऐवजी 13,000 लागत राहिले, तर आयुष्यभराची पेन्शन खाली ओढली जाते. पगार विभागाने हे जानेवारीत दुरुस्त केलं, मागचे अडीच महिने धरून.

मेडिक्लेमचं एका ओळीत सांगते: तीन लाखांचं कवच अर्धं होत नाही, कारण विमा माणसाचा असतो, तासांचा नाही, मात्र पॉलिसीत फक्त पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनाच पात्र धरलंय का हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावं लागतं, ते मी घेतलं.

आता ग्रॅच्युइटी. बाकीच्या चुका स्लिपवर दिसतात तरी. ही कुठेच दिसत नाही, आणि नोकरी सोडायच्या दिवशी समोर येते.

पुन्हा काकांच्याच घरी. चहा झाला होता, मी उठायच्या बेतात होते. त्यांनी विचारलं, "ग्रॅच्युइटीचं काय ठरलं?" मी म्हटलं, मिळेल की नियमाप्रमाणे. त्यांनी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे हिशोब मांडला. सूत्र तेव्हा सोपं होतं: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. ऑक्टोबर 2023 ला माझी दहा वर्षं झालेली. 26,000 च्या हिशोबाने पंधरा दिवसांचे 15,000, दहा वर्षांचे दीड लाख. मग त्यांनी त्याखाली दुसरी ओळ लिहिली. दोन वर्षं अर्धवेळ केलं आणि सोडलं, तर शेवटचा मूळ पगार 13,000, पंधरा दिवसांचे 7,500, आणि बारा वर्षांचे 90,000.

मी ते दोन आकडे परत परत वाचले. दोन वर्षं जास्त काम करून साठ हजार कमी. शेवटचा पगार सगळ्या वर्षांना लागतो, त्यामुळे दहा वर्षं पूर्णवेळ भरलेले दिवससुद्धा अर्धे होऊन जातात. कायद्याला हा धोका ठाऊक नाही असं नाही. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम 4(4) सांगत होतं की अपंगत्वामुळे पगार कमी झाला असेल तर आधीची वर्षं जुन्या पगाराने आणि नंतरची वर्षं कमी पगाराने, अशी वेगळी मोजायची. पण ते फक्त स्वतःच्या अपंगत्वासाठी आहे. आईच्या आजारपणासाठी, मुलांसाठी, स्वतःच्या इच्छेने अर्धवेळ झालेल्यांसाठी तशी तरतूद नाही. अर्धवेळ मागणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि कारण बहुतेक वेळा घरातलं कुणी असतं. दहा-दहा वर्षांची कमाई एका न वाचलेल्या ओळीत अशी विरघळते, याचा मला आजही त्रास होतो.

वाट मात्र त्याच कायद्यात होती. कलम 4(5) म्हणत होतं की कंपनीशी केलेल्या करारात याहून चांगल्या अटी असतील तर त्या लागू राहतील. म्हणजे कंपनीने लिहून द्यायला हवं, आणि ते अर्धवेळ होतानाच, नंतर नाही. मी मॅडमना पाठवलेली ओळ जशीच्या तशी देते: "ग्रॅच्युइटीची गणना करताना कर्मचाऱ्याच्या पदाचा त्या वेळचा पूर्णवेळ मूळ पगार धरावा, आणि अर्धवेळ सेवेचा कालावधी निम्मा मोजावा, मात्र ही रक्कम कायद्याने देय रकमेपेक्षा कमी असणार नाही." शेवटचा भाग काकांनी घालायला लावला, कारण कायद्याहून कमी देणारा करार टिकत नाही आणि ते आधीच लिहिलेलं बरं.

मॅडमनी सुरुवातीला हात वर केले, म्हणाल्या वरून मंजुरी लागेल. मी काकांचा तो हिशोब स्वच्छ लिहून साहेबांना दाखवला. साहेब बराच वेळ कागद बघत होते. म्हणाले, "म्हणजे तुम्ही उद्या राजीनामा देऊन दीड लाख घेणं जास्त शहाणपणाचं?" मी म्हटलं, हो सर, आकडे तरी तसंच सांगतात. आठ दिवसांत सुधारित पत्र आलं, त्यात ती ओळ होती.

ऑक्टोबर 2025 च्या 15 तारखेला मी नोकरी सोडली. आई आता काठी घेऊन चालते, पण मामाकडे मिरजेला राहायचं म्हणाली आणि मी सोबत गेले. मधल्या दोन वर्षांत पगारवाढ होऊन पूर्णवेळ मूळ पगार 28,600 झाला होता, माझा 14,300. पत्राप्रमाणे हिशोब असा झाला: 28,600 भागिले 26 गुणिले 15 म्हणजे 16,500, दहा वर्षं पूर्णवेळ आणि दोन वर्षं अर्धवेळ, म्हणून बाराऐवजी अकरा वर्षं, एकूण 1,81,500. पत्र नसतं तर 8,250 गुणिले बारा, म्हणजे 99,000 आले असते.

त्यानंतर महिन्याभरातच, 21 नोव्हेंबर 2025 पासून, ग्रॅच्युइटीच्या जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे आज माझ्यासारख्या स्लिपवर मूळ पगाराबरोबर भत्त्यांतलाही काही भाग धरला जाईल आणि आकडे वेगळे येतील. शेवटच्या वेतनावर सगळी वर्षं मोजायची पद्धत मात्र तीच आहे, आणि वेगळी मोजणी फक्त अपंगत्वासाठी हेही तसंच. काकांनी लिहिलेलं ते कॅलेंडरचं पान मी पत्राच्या फाइलमध्येच ठेवलं आहे. मागच्या महिन्यात जुन्या ऑफिसमधल्या एकीचा फोन आला, तिला जानेवारीपासून अर्धवेळ हवंय. तिला पानाचा आणि पत्राचा फोटो पाठवला.